तीन पुरवठादार, एकच भाव : दर-तुलनेची स्क्रिप्ट लिहू पाहणाऱ्या घाऊक दुकानदारासाठी

मी पॅकिंगच्या सामानाचा घाऊक व्यापार करतो. चिकटपट्ट्या, पुठ्ठ्याची खोकी, गुंडाळायचा प्लॅस्टिकचा पातळ कागद असा माझा माल असतो आणि तो मी पाच पुरवठादारांकडून घेतो. या पाचांचे दर त्यांच्या संकेतस्थळांवर दिसतात, त्यामुळे रोज सकाळी पाच खिडक्या उघडून चाळीस वस्तूंचे भाव वहीत उतरवायचे आणि ज्याचा दर कमी त्याला मागणी पाठवायची, असा माझा क्रम होता. त्यातला तास-दीड तास वाचावा एवढ्याच हेतूने मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. वेळ वाचला हे खरे, पण चौदा आठवड्यांच्या नोंदी हाती आल्यावर ज्यांना मी एकमेकांचे स्पर्धक समजत होतो ते तीन पुरवठादार एकाच ठिकाणचा भाव निरनिराळ्या दिवशी मला दाखवत होते, हे लक्षात आले.

हे लक्षात येईपर्यंत मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यांपैकी काही चुकांमुळे नसलेल्या गोष्टीही दिसू लागल्या होत्या. तुम्ही अशी स्क्रिप्ट लिहिणार असाल तर तुमचे ते आठवडे वाचावेत म्हणून सगळा क्रम इथे देत आहे. पुरवठादारांना मी अ, ब, क, ड आणि इ म्हणेन. भाव प्रत्यक्ष रकमेत न देता, पहिल्या दिवशी अ चा जो दर होता तो १०० धरून बाकीचे दर त्या प्रमाणात देईन. तुम्हीही तुलनेसाठी हीच पद्धत ठेवावी असे मी सुचवतो, कारण निरनिराळ्या वस्तू एकाच तक्त्यात वाचणे त्यामुळे सोपे जाते.

१. संगणकाला हात लावण्यापूर्वी कागद जमवा

पुढील गोष्टी आधी जवळ ठेवा:

- प्रत्येक पुरवठादाराची गेल्या दोन-तीन महिन्यांची बिले, कारण पडद्यावरचा दर आणि प्रत्यक्ष लागलेला दर एकच होता का, हे फक्त बिलावरून कळते.
- वस्तूंची यादी, आणि प्रत्येक वस्तूपुढे पाचही संकेतस्थळांवरच्या त्या वस्तूच्या पानाचा पत्ता.
- प्रत्येक खोक्यात किती नग असतात आणि एका नगाचे माप काय, याची नोंद.
- पुरवठादाराची किमान खरेदी, वाहतूक खर्चाची पद्धत, आणि दाखवलेल्या दरात कर धरलेला आहे की नाही.
- संगणकावर पायथन, आणि त्यात `requests`, `beautifulsoup4` व `pandas` ही तीन पॅकेजेस.

पहिल्या दिवशी सगळ्या वस्तू घेऊ नका. ज्यांची उलाढाल सर्वांत जास्त आहे अशा पाच वस्तू घ्या आणि त्यांचे दर आठवडाभर हातानेही लिहा. स्क्रिप्टने आणलेला आकडा आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आकडा जुळतो का, हे ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग नाही.

२. वाचायची परवानगी आहे का, ते पाहा

संकेतस्थळाच्या मूळ पत्त्यापुढे `/robots.txt` लिहिले की एक साधी मजकुराची फाईल उघडते. स्वयंचलित प्रोग्रॅमने कोणती पाने वाचू नयेत, हे तिच्यात लिहिलेले असते. ही पद्धत १९९४ पासून रूढ आहे आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात तिची अधिकृत नोंद झाली. ती पाळा आणि त्या जोडीला संकेतस्थळाच्या वापराच्या अटीही वाचा. माझ्या पाचांपैकी इ च्या अटींमध्ये स्वयंचलित वाचनाला स्पष्ट मनाई होती. मी त्यांना पत्र लिहून विचारले, तेव्हा त्यांनी आठवड्याला एकदा दरांची फाईल मेलने पाठवायचे कबूल केले, आणि ती फाईल पान वाचण्यापेक्षा अधिक स्वच्छ निघाली.

लॉग इन केल्यावर दिसणारे दर हे तुमच्या आणि पुरवठादाराच्या आपसातले असतात. ते स्क्रिप्टने ओढण्याआधी विचारून घ्या. सर्वांना उघड दिसणारी पाने वाचतानाही दोन पानांमध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा आणि दिवसातून एकदाच वाचा. समोरून `429` हा आकडा उत्तर म्हणून आला, तर तुम्ही फार घाईने पाने मागत आहात असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा न मागता त्या दिवसापुरते थांबावे. सोबत `Retry-After` असे काही आले असेल, तर निदान तितका वेळ तरी थांबावेच.

३. दर वाचणारा भाग

नवखा माणूस पानावर डोळ्यांना दिसणारा आकडा पकडायला जातो, आणि तिथेच फसतो. एका पानावर किंमत म्हणून चार-पाच आकडे असतात: काट मारलेली छापील किंमत, विक्रीचा दर, जास्त नग घेतल्यास लागणारा दर, आणि खाली सुचवलेल्या दुसऱ्याच वस्तूंचे दर. माझ्या स्क्रिप्टने ड कडचा काट मारलेला आकडा नऊ दिवस इमानाने लिहून ठेवला आणि ड महाग आहे असे मी धरून चाललो. चूक कळली ती पहिल्या पायरीतल्या हाताने लिहिलेल्या वहीमुळे.

बऱ्याच विक्री-संकेतस्थळांच्या पानात, शोधयंत्रांना वाचता यावी म्हणून, वस्तूची माहिती ठराविक रचनेत वेगळी ठेवलेली असते. ती असेल तर तीच वाचावी.

```python
import json, requests
from bs4 import BeautifulSoup

def dar_vacha(url):
    r = requests.get(url, timeout=20)
    r.raise_for_status()
    s = BeautifulSoup(r.text, "html.parser")
    for t in s.find_all("script", type="application/ld+json"):
        m = json.loads(t.string, parse_float=str, parse_int=str)
        if isinstance(m, dict) and m.get("@type") == "Product":
            return m["offers"]["price"]
    return None
```

हा तुकडा साध्या पानांवर चालतो. काही ठिकाणी `offers` ही एक नोंद नसून यादी असते, आणि काही ठिकाणी `price` ऐवजी `lowPrice` असते. हा दुसरा प्रकार धोक्याचा आहे, कारण सर्वांत मोठ्या खरेदीला लागणारा दर तिथे असू शकतो आणि तेवढी खरेदी तुम्ही कधीच करत नसता. म्हणून प्रत्येक पुरवठादारासाठी पहिल्यांदा मिळालेला आकडा पानाशी ताडून पाहा, आणि मगच तो वाचक कायम करा.

आकडा जसा मिळाला तसाच, अक्षरांच्या रूपात, आधी साठवा. `1.250` म्हणजे एका ठिकाणी सव्वा आणि दुसऱ्या ठिकाणी साडेबाराशे असू शकतो. मूळ अक्षरे हाताशी असतील तर अर्थ लावण्यातली चूक पुढे कधीही दुरुस्त करता येते.

४. सगळे दर एका मापात आणा

खोक्याच्या भावावर तुलना करू नका. मी अनेक वर्षे तशीच करत होतो. ४८ मिलिमीटर रुंदीच्या पारदर्शक चिकटपट्टीचे उदाहरण घ्या. अ च्या खोक्यात ७२ गुंडाळ्या आणि प्रत्येक गुंडाळी ६५ मीटरची, म्हणजे खोक्यात ४,६८० मीटर पट्टी असते. ड च्या खोक्यातही ७२ गुंडाळ्याच असतात, पण गुंडाळी ५० मीटरची, म्हणजे एकूण ३,६०० मीटर. अ चा खोका १०० धरला तर ड चा खोका ८३ ला पडत होता आणि वरवर पाहता तो सतरा टक्क्यांनी स्वस्त दिसत होता. मीटरमागे हिशेब केला की ८३ ला ३,६०० ने भागायचे, १०० ला ४,६८० ने भागायचे आणि दोन्हींचे गुणोत्तर काढायचे. ते येते १.०७९. म्हणजे ड जवळजवळ आठ टक्क्यांनी महाग होता.

मापे पानावरून स्क्रिप्टने वाचू नयेत असे माझे ठाम मत आहे. ती बिलावरून आणि प्रत्यक्ष मालावरून घेऊन वेगळ्या तक्त्यात हाताने भरावीत. याचे कारण नवव्या पायरीत येईल. कर आणि वाहतूक खर्चही इथेच हिशेबात घ्या, म्हणजे पाचही दर ‘दुकानात माल उतरेपर्यंत, मीटरमागे’ या एकाच मापात येतील.

५. रोजची नोंद आणि मोकळी जागा

नोंद अगदी साधी ठेवा: दिनांक, पुरवठादार, वस्तू, मूळ अक्षरे, मापात आणलेला दर, आणि माल उपलब्ध आहे की नाही. नवी ओळ खाली जोडत जायची आणि जुनी ओळ कधीही बदलायची नाही. स्क्रिप्ट रोज एकाच वेळी चालवा. माझी सकाळी सहाला चालते.

दर मिळाला नाही तर ती जागा मोकळी सोडा आणि शेजारी कारण लिहा. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये अशा वेळी कालचाच दर आज लिहायची सोय मी केली होती, कारण तक्त्यात भोके दिसलेली मला आवडत नव्हती. या एका सोयीने पुढे मला जवळजवळ खोट्या निष्कर्षापर्यंत नेले.

६. ‘आज स्वस्त कोण’ ही यादी वरून खाली वाचा

सुरुवातीचे दोन महिने मी रोजच्या यादीतली फक्त आजची ओळ पाहत होतो. आज अ स्वस्त, मग मागणी अ ला. उद्या ब स्वस्त, मग ब ला. एकदा महिन्याचा हिशेब करताना चिकटपट्टीपुढचे नुसते विजेते मी एकाखाली एक छापून घेतले आणि बोट ठेवून वाचत गेलो. अ, अ, अ, अ, ब, ब, क, क, क, अ, अ, अ. पुढे पुन्हा काही दिवसांनी ब, ब, क, क, क आणि मग अ. दुसऱ्या वस्तूंच्या याद्या काढल्या. चाळीस वस्तूंपैकी अकरा वस्तूंमध्ये हाच क्रम होता, आणि ब च्या आधी क आलेला एकदाही सापडला नाही.

खरी स्पर्धा असेल तर विजेत्यांचा असा ठरलेला क्रम लागायचे कारण नाही. म्हणून त्या दिवसांचे दर शेजारी शेजारी लिहिले, आणि मग आकड्यांनी स्वतःच उलगडा केला. एरवी अ १००, ब १०३ आणि क १०५ असे दर होते. एका सकाळी अ सहा टक्क्यांनी वाढून १०६ झाला. ब त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी १०३ वरच होता, म्हणून दोन दिवस तो स्वस्त ठरला. तिसऱ्या सकाळी ब १०९.२ झाला. आता १०५ वर थांबलेला क स्वस्त ठरला आणि तीन दिवस तसाच राहिला. सहाव्या सकाळी क १११.३ झाला आणि १०६ वर असलेला अ पुन्हा सर्वांत खाली आला. १०३ आणि १०५ या दोन्ही आकड्यांत सहा टक्के मिळवून पाहा, एका दशांशस्थळापर्यंत १०९.२ आणि १११.३ येतात.

कोणीही माझ्यासाठी भाव कमी केला नव्हता. भाव एकच होता, तो तीन दुकानांत तीन निरनिराळ्या दिवशी पोहोचत होता, आणि ज्याच्याकडे तो उशिरा पोहोचे तो मला त्या दिवशी स्वस्त वाटे.

यातून आणखी दोन गोष्टी निघतात आणि त्या तुमच्या नोंदींत तपासता येतात. वाढ तीन टक्क्यांहून कमी असेल तर विजेता बदलतच नाही. तीन आणि पाच टक्क्यांच्या मधली वाढ असेल तर फक्त ब दोन दिवस पुढे येतो आणि क ची पाळी येत नाही. माझ्याकडे एकदा चार टक्क्यांची वाढ झाली होती आणि तिथे यादी खरोखरच अ, ब, ब, अ अशी निघाली. भाव उतरतो तेव्हा मात्र या यादीत काहीच दिसत नाही, कारण आधीच स्वस्त असलेला अ आणखी स्वस्त होतो. म्हणून नुसती विजेत्यांची यादी पुरेशी नसते, गुणोत्तर पाहावे लागते.

७. हा दोष आपल्याच स्क्रिप्टचा नाही ना, हे आधी पाहा

इतका नीटस क्रम दिसला की आनंद होतो आणि नेमक्या त्याच वेळी सावध व्हावे लागते. उशीर निर्माण करणाऱ्या दोन गोष्टी स्क्रिप्टमध्येच असू शकतात.

पहिली म्हणजे पाचव्या पायरीत सांगितलेली सोय. पान उघडले नाही म्हणून कालचा दर आज लिहिला गेला, तर त्या पुरवठादाराचा भाव एक दिवस उशिरा बदलल्यासारखा दिसतो. माझ्या नोंदींत क चे असे चार दिवस होते. ते पुसून जागा मोकळी केल्यावर क चा उशीर कधी पाच तर कधी सहा दिवसांचा जो दिसत होता, तो सगळीकडे पाच झाला. म्हणजे माझी चूक काढून टाकल्यावर आकृती पुसट न होता अधिक स्पष्ट झाली. ती पुसट झाली असती, तर मी तिथेच थांबलो असतो.

दुसरी म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत. संकेतस्थळ कधी कधी वेग वाढवण्यासाठी कालचेच पान आज देते आणि दर मात्र आतून बदललेला असतो. हे तपासायचे तर अ चा भाव वाढलेल्या दिवशी ब च्या संकेतस्थळावर स्वतः जा, वस्तू खरेदीच्या टोपलीत टाका आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन दर पाहा. मी तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा तिथेही जुनाच दर होता. तो खराच दर होता, नुसते जुने चित्र नव्हते.

८. उशीर मोजा

डोळ्यांनी पाहिलेला उशीर आता हिशेबाने पक्का करायचा. कल्पना सोपी आहे. ब खरोखरच अ च्या मागे ठराविक दिवसांनी चालत असेल, तर ब चा आजचा दर भागिले अ चा तितक्या दिवसांपूर्वीचा दर हे गुणोत्तर रोज जवळजवळ तेच राहायला हवे. म्हणून शून्यापासून दहापर्यंत एकेक उशीर धरून पाहायचा आणि गुणोत्तर कुठे सर्वांत कमी हलते ते शोधायचे. खाली वापरलेल्या फाईलमध्ये एकाच वस्तूच्या ओळी घ्या आणि दिनांक, पुरवठादार व मापात आणलेला दर या रकान्यांना `din`, `dukan` आणि `dar` अशी नावे द्या.

```python
import pandas as pd

d = pd.read_csv("chikatpatti.csv", parse_dates=["din"])
t = d.pivot(index="din", columns="dukan", values="dar").asfreq("D")
for ushir in range(11):
    g = t["ब"] / t["अ"].shift(ushir)
    print(ushir, round(g.std() / g.mean(), 4))
```

`asfreq("D")` वगळू नका. एखाद्या दिवशी स्क्रिप्ट चाललीच नसेल तर तो दिवस तक्त्यात नसतो, आणि मग `shift` दिवस न मोजता ओळी मोजते. `Index contains duplicate entries` असा संदेश आला, तर एका दिवसात स्क्रिप्ट दोनदा चालली आहे किंवा फाईलमध्ये दुसरी वस्तूही शिरली आहे असे समजा.

माझ्याकडे ब साठी उशीर शून्य धरल्यावर ०.०१३ आले, एक दिवस धरल्यावर ०.०१० आले, दोन दिवस धरल्यावर एकदम ०.०००३ आले आणि तीन दिवसांवर पुन्हा ०.०१० झाले. दरी इतकी खोल असेल तरच तिच्यावर विसंबा. दोन दिवसांवर जे थोडेसे शिल्लक राहिले, ते दर पूर्णांकात आणण्यामुळे पडलेल्या फरकाचे होते. क साठी अशीच दरी पाच दिवसांवर मिळाली. ड साठी कोणताही उशीर धरला तरी आकडा ०.०२ च्या खाली आला नाही. इ चा दर आठवड्यातून एकदाच मिळत असल्याने या पद्धतीने त्याचा उशीर मोजता येत नाही. तो मी वेगळा, नुसता चढ-उतार किती टक्क्यांचा आहे एवढाच पाहिला आणि तो अ शी जुळला नाही.

इथला सापळा असा की भाव बदललाच नाही, तर कोणताही उशीर धरा, गुणोत्तर स्थिरच राहते. तीन महिने सपाट असलेल्या वस्तूवर हा हिशेब केला तर अकराही ओळींत शून्य येते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. निदान पाच-सहा बदल झालेल्या वस्तूच निवडा, आणि त्यांत चढ आणि उतार दोन्ही असू द्या. माझ्या चिकटपट्टीत चौदा आठवड्यांत चार चढ आणि दोन उतार होते.

तुम्ही म्हणाल की ही पट्टी पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पटलापासून बनते, त्या कच्च्या मालाचा भाव वाढला की सगळेच वाढवणार. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर ड आणि इ देतात. त्यांचेही दर त्या काळात वाढले, पण वेगळ्या टक्क्यांनी आणि वेगळ्या दिवशी. कच्च्या मालामुळे सगळे एका दिशेने जातात. तीन जण दशांशापर्यंत त्याच टक्क्यांनी आणि ठरलेल्या दिवसांच्या अंतराने जात असतील, तर त्यांच्या मागे एकच दरपत्रक असण्याची दाट शक्यता असते.

९. पडद्याबाहेरचा पुरावा शोधा

आकड्यांनी संशय पक्का होतो, पण कारण कळत नाही. एकमेकांच्या संकेतस्थळावर नजर ठेवून आपोआप दर बदलणारी सॉफ्टवेअरेही असतात, आणि ब तसे काही वापरत असण्याची शक्यता होती. मात्र असा अनुयायी सहसा पुढच्यापेक्षा थोडे खाली जाण्यासाठी त्याच्या मागे जातो, आणि इथे ब नेहमी तीन टक्के वरच राहत होता. त्यामुळे मी वस्तूंचे वर्णन वाचायला घेतले. अ, ब आणि क या तिन्ही ठिकाणी एका पट्टीची रुंदी ८४ मिलिमीटर लिहिलेली होती. माल मात्र ४८ चाच येतो. एकाने ४८ उलटा टाइप केला आणि तो तिघांकडे तसाच गेला. मापे पानावरून घेऊ नका असे वर म्हटले ते याचसाठी. शिवाय सारखी चूक हा सारख्या दरापेक्षा बळकट पुरावा असतो, कारण बरोबर माहिती कोणीही स्वतंत्रपणे लिहू शकतो, पण तीच चूक तीन जण स्वतंत्रपणे करत नाहीत.

दुसरा पुरावा दुकानातच होता. माल उतरवून घेणाऱ्या आमच्या मुलाला मी सांगितले होते की ब आणि क कडून आलेल्या खोक्यांतली एकेक गुंडाळी बाजूला ठेव. त्याने दोन्ही माझ्यासमोर आणून ठेवल्या आणि आतल्या पुठ्ठ्याच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाला, “दादा, शिक्का बघा.” नळीच्या आतल्या बाजूला निळ्या शाईने तुकडीचा क्रमांक उमटवलेला होता. दोन्हीकडे तोच क्रमांक होता, आणि शिक्क्यातल्या शेवटच्या अंकाची वरची कड दोन्हीकडे सारखीच तुटलेली होती.

त्यानंतर मी ब कडे विक्री सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला. हे शेवटी करा, आधी नको, आणि आरोपाच्या सुरात तर मुळीच नको. मी एवढेच विचारले, “ताई, तुमचे दर कधी बदलतात, म्हणजे मला मागणी तशी आखता येईल?” त्यांनी मोकळेपणाने सांगितले, “साहेब, दरांची फाईल वरच्या वितरकाकडून येते. आम्ही त्यावर आमचे टक्के लावतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चढवतो.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चढवलेला दर माझ्या स्क्रिप्टला तिसऱ्या सकाळी सहाला दिसणार. हिशेब जुळला.

यात कोणी संगनमत करून भाव ठरवत होते असे मानायला माझ्याकडे आधार नव्हता आणि तुम्हीही अशा आकड्यांवरून तसे म्हणू नका. तीन दुकाने एकाच वितरकाकडून माल घेतात, प्रत्येक जण आपापला नफा धरतो, आणि प्रत्येकाचा कारकून आपापल्या वेळी फाईल चढवतो, एवढीच ही गोष्ट होती.

१०. खरेदीत वापर कसा करावा

पहिला वापर उघड आहे. अ चा भाव तीन टक्क्यांहून जास्त वाढला की महिनाभराची मागणी दोन दिवसांत ब कडे नोंदवायची. वाढ पाच टक्क्यांहून जास्त असेल आणि ते दोन दिवस हुकले असतील, तर क कडे अजून तीन दिवस असतात. मात्र मागणी पक्की झाल्याचा संदेश आणि त्यावरचा दर जपून ठेवा, कारण माल पाठवताना नवा दर लावण्याची मुभा काही पुरवठादार आपल्या अटींत ठेवतात. माझ्यासोबत एकदा तसे झाले आणि संदेश हाती असल्यामुळेच जुना दर मिळाला. खोक्यांची संख्याही तुमच्या साठ्याच्या जागेला आणि महिन्याच्या खपाला धरूनच ठेवा. थोडे टक्के वाचवण्यासाठी चार महिन्यांचा माल भरला, तर अडकलेल्या पैशातच ते टक्के जाऊ शकतात.

दुसरा वापर मला जास्त मोलाचा वाटतो. अ, ब आणि क असे तीन पुरवठादार असल्यामुळे एकाकडे माल संपला तरी आपले अडणार नाही, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर मी ड कडची खरेदी जवळजवळ बंद केली होती. उपलब्धतेच्या नोंदींवर तोच उशिराचा हिशेब लावून पाहिला, तेव्हा अ कडे ‘माल शिल्लक नाही’ असे आले की काही दिवसांतच ब आणि क कडेही तेच येते, हे दिसले. तिघांचे गोदाम एकच असेल तर ते तिघे अडचणीत एकाच वेळी सापडणार. म्हणून आता मीटरमागे आठ टक्के जास्त देऊनही चिकटपट्टीचा चौथा हिस्सा मी ड कडून घेतो, आणि अ कडे माल संपल्याचे स्क्रिप्टने दाखवले की त्याच सकाळी ड ची मागणी वाढवतो. स्क्रिप्टच्या पुरवठादारांच्या यादीत मी आणखी एक रकाना वाढवला आहे, ‘मूळ वितरक’. त्यात अ, ब आणि क पुढे एकच खूण आहे, आणि तुलना आता पाच नावांमध्ये न होता तीन खुणांमध्ये होते.

आठव्या पायरीतला हिशेब महिन्यातून एकदा पुन्हा चालवा आणि त्यासाठी फक्त शेवटच्या दोन-तीन बदलांच्या आसपासचे दिवस घ्या, कारण सगळा जुना काळ सोबत घेतला तर नवा बदल त्यात बुडून जातो. सहाव्या महिन्यात माझ्या तक्त्यात क ची दरी पाच दिवसांवरून सरकून एका दिवसावर आली. म्हणजे क आता ब च्या आधी बदलू लागला. कदाचित त्यांच्याकडे फाईल आता आपोआप चढत असावी. क ची तीन दिवसांची सवलत तेव्हापासून संपली आहे, आणि ब कडची दोन दिवसांची सवलत हा लेख लिहीपर्यंत टिकून आहे.